रक्ताचा रंग हृदयात बदलत नाही: रक्ताभिसरणाच्या कृतिपत्रिकेविषयी

प्रश्न: "आठवीच्या वर्गासाठी रक्ताभिसरणाची कृतिपत्रिका केली आहे. हृदयाच्या आकृतीत कप्प्यांना आणि वाहिन्यांना नावे द्यायची, मग ऑक्सिजनयुक्त बाजू लाल आणि दुसरी निळी रंगवायची. नावे बहुतेकांची बरोबर येतात, पण फुफ्फुस रोहिणी लाल होते, फुफ्फुस शिरा निळी होते आणि निम्मी मुले उजवी-डावी बाजू उलटी करतात. दोन वर्षे हेच चालले आहे. नेमके काय बदलावे?"

नावे बरोबर आणि रंग चूक, याचा माझ्या अनुभवातला अर्थ एकच असतो: मूल आकृतीतून रक्ताच्या मागोमाग गेलेलेच नाही. त्याने "रोहिणी" हा शब्द वाचला, रोहिणी म्हणजे लाल हे पाठ असल्यामुळे लाल पेन्सिल उचलली आणि तो भाग रंगवून टाकला. नाव देणे आणि रंग देणे ही दोन कामे एकाच आकृतीवर, एकापाठोपाठ दिली की मुले नावावरून रंग ठरवतात, आणि दहापैकी आठ ठिकाणी उत्तर बरोबर येत असल्यामुळे त्यांना या पद्धतीत काही चुकते आहे असे वाटत नाही. ही पद्धत उघडी पडते ती फक्त फुफ्फुसाकडे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या वाहिन्यांपाशी. म्हणून चूक त्या दोन वाहिन्यांची नसून क्रमाची आहे, असे मी मानतो. कृतिपत्रिकेत आधी प्रवास यावा, मग रंग यावा आणि नावे सर्वांत शेवटी यावीत.

मी वीसहून अधिक वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो आहे आणि सुरुवातीची कित्येक वर्षे माझीही कृतिपत्रिका आपल्यासारखीच होती. पुढे सांगतो ते माझ्या वर्गांत टिकलेले आहे, पण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. आपल्या पाठ्यपुस्तकात अलिंद-निलय आहेत की कर्णिका-जवनिका, रोहिणी आहे की धमनी, शिरा आहे की नीला, यावर शब्द ठरतील. परीक्षेत पाठ्यपुस्तकातलाच शब्द लिहावा लागतो, त्यामुळे त्यात मी ढवळाढवळ करत नाही. सेमी-इंग्रजीची मुले असतील तर एट्रियम, व्हेंट्रिकल हे शब्द त्यांच्या तोंडी असतील, तेही चालतील. मात्र एका वेळी एकच संच वापरावा, कारण एकाच पानावर धमनी आणि रोहिणी दोन्ही दिसल्या की त्या दोन वेगळ्या वाहिन्या आहेत असे समजणारी मुले मी दरवर्षी पाहतो.

प्रथम रंगाचा प्रश्न घेतो, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. मुलांच्या घरी अजूनही "शुद्ध रक्त" आणि "अशुद्ध रक्त" हे शब्द वापरले जातात आणि पालक अभ्यास घेताना तेच सांगतात. अशुद्ध म्हटले की मुलाच्या मनात घाण पाणी येते, आणि मग हृदय म्हणजे ते घाण पाणी स्वच्छ करणारे यंत्र अशी समजूत होते. एकदा ही समजूत बसली की रक्ताने उजवीकडून डावीकडे जाताना हृदयातच रंग बदलणे मुलाला अगदी सयुक्तिक वाटते. म्हणून मी वर्गात हे दोन शब्द वापरत नाही. "विनाऑक्सिजन" हा शब्दही मला पसंत नाही, कारण त्या रक्तात ऑक्सिजन नसतो असे नाही. माणूस स्वस्थ बसलेला असताना फुफ्फुसातून आलेल्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि शरीरभर फिरून उजव्या अलिंदात परतलेल्या तेवढ्याच रक्तात अजून सुमारे १५ मिलिलिटर शिल्लक असतो. म्हणजे एका फेरीत साधारण पाव भागच खर्च होतो. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, त्यामुळे ९७-९८ हा आकडा मुलांना ठाऊक असतो. तो रोहिणीतल्या रक्ताचा आकडा आहे, आणि उजव्या बाजूच्या रक्तासाठी तोच आकडा ७५ च्या आसपास येतो, एवढे सांगितले की त्यांना फरक बरोबर कळतो. मी "भरपूर ऑक्सिजनचे रक्त" आणि "कमी ऑक्सिजनचे रक्त" असे म्हणतो.

निळ्या रंगाबद्दलही एक वाक्य कृतिपत्रिकेवर छापून ठेवावे: निळा हा नकाशाचा रंग आहे, रक्ताचा नाही. तपासणीसाठी कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेतून रक्त काढताना ज्याने पाहिले आहे त्याला ते गडद, जांभळट लाल दिसलेले असते. मनगटावरच्या शिरा निळसर दिसतात त्या प्रकाश त्वचेतून आत जाऊन परत येताना होणाऱ्या बदलामुळे. हे सांगितले नाही तर निळे रक्त या कल्पनेवर मुले पुढे बरेच काही रचतात.

आता मुख्य बदल. कृतिपत्रिकेच्या पहिल्या पानावर हृदयाची आकृती नसावीच. तिथे फक्त इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक बंद वाट काढावी. वरच्या वळणावर "फुफ्फुसातील केशवाहिन्या" असे एक दार आणि खालच्या वळणावर "शरीरातील केशवाहिन्या" असे दुसरे दार. मध्ये, जिथे दोन रेषा एकमेकींजवळ येतात, तिथे हृदयाचा चौकोन आणि त्याच्या मधोमध एक जाड, सलग भिंत. ती भिंत असल्यामुळे दोन्ही रेषा जवळून जातात पण एकमेकींना छेदत नाहीत. मुलांना एकच नियम द्यायचा: रंग फक्त दारात बदलतो. फुफ्फुसाच्या दारात निळ्याचा लाल होतो, शरीराच्या दारात लालचा निळा होतो आणि वाटेत कुठेही, हृदयातसुद्धा, रंग बदलत नाही. कारणही सांगायचे, आणि ते सोपे आहे. केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते, म्हणून तिच्यातून वायू आरपार जाऊ शकतात. हृदयाची किंवा मोठ्या वाहिनीची भिंत जाड असते, तिथे अशी देवघेव होतच नाही. हा नियम समजला की पेन्सिल उचलण्यापूर्वी मूल स्वतःला योग्य प्रश्न विचारू लागते: हे रक्त शेवटच्या कोणत्या दारातून आले? फुफ्फुसाच्या दारातून आले असेल तर लाल, शरीराच्या दारातून आले असेल तर निळे. वाहिनीचे नाव काय, याची चौकशी करण्याची गरज उरत नाही.

दुसऱ्या पानावर एका थेंबाचा प्रवास. "रक्त शरीराकडून हृदयाकडे येते" असे मोघम न लिहिता मी एक निश्चित जागा देतो, बहुधा डाव्या पायाची पोटरी, आणि थेंब त्याच पोटरीत परत येईपर्यंत मुलांनी प्रत्येक थांबा क्रमाने लिहायचा असतो. पोटरीच्या स्नायूतील केशवाहिन्यांत थेंबाने ऑक्सिजन दिला, कार्बन डायऑक्साइड घेतला. इथून निळी पेन्सिल. तो पोटरीच्या शिरेत आला, मग मांडीच्या शिरेत, मग पोटातून वर जाणाऱ्या अधोमहाशिरेत आणि तिथून उजव्या अलिंदात. त्रिदल झडपेतून उजव्या निलयात उतरला. निलय आकुंचन पावल्यावर अर्धचंद्राकृती झडपेतून फुफ्फुस रोहिणीत गेला. तिच्या दोन फांद्या होतात, प्रत्येक फुफ्फुसाला एक. थेंब त्यांपैकी एकीतून फुफ्फुसातील केशवाहिन्यांपर्यंत पोहोचला. इथे मुलाने पेन्सिल खाली ठेवायची आणि लाल उचलायची. फुफ्फुस शिरेतून (बहुतेक माणसांत अशा चार असतात, प्रत्येक फुफ्फुसातून दोन) थेंब डाव्या अलिंदात आला, द्विदल झडपेतून डाव्या निलयात गेला, दुसऱ्या अर्धचंद्राकृती झडपेतून महारोहिणीत, मग मांडीच्या रोहिणीत, मग बारीक होत जाणाऱ्या रोहिण्यांत आणि शेवटी पोटरीच्या केशवाहिन्यांत. पुन्हा पेन्सिल बदलायची. साऱ्या प्रवासात पेन्सिल दोनदाच बदलली का, एवढे जरी तपासले तरी कृतिपत्रिका बरोबर आहे की नाही हे लांबून कळते.

नावे तिसऱ्या पानावर आणि त्यांचा नियम वेगळा. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती शिरा. नाव दिशेवरून ठरते, रंग दारावरून ठरतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. फुफ्फुस रोहिणीला अपवाद म्हणून शिकवू नये असे माझे ठाम मत आहे. ती दिशेच्या नियमात चपखल बसते. अपवाद ती ठरते फक्त "रोहिणी म्हणजे लाल" या आपण स्वतः शिकवलेल्या चुकीच्या नियमाला. गर्भातल्या बाळाच्या नाळेचे उदाहरण हुशार मुलांना द्यावे. तिथे वारेकडून बाळाकडे भरपूर ऑक्सिजनचे रक्त आणते ती शिरा असते आणि बाळाकडून वारेकडे कमी ऑक्सिजनचे रक्त नेतात त्या रोहिण्या असतात, कारण बाळाच्या हृदयाच्या दृष्टीने दिशा तशाच आहेत. हे उदाहरण ज्याला स्वतःहून सोडवता येते त्याला फुफ्फुस रोहिणी पुन्हा शिकवावी लागत नाही.

उजव्या-डाव्या बाजूसाठी मी पुष्कळ युक्त्या करून पाहिल्या. "आकृतीतील डावी बाजू म्हणजे हृदयाची उजवी" हे वाक्य पाठ करून उपयोग होत नाही, कारण परीक्षेच्या घाईत मूल ते उलट आठवते. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा. कृतिपत्रिकेचे पान प्रत्येकाने आपल्या छातीवर धरायचे, छापील बाजू बाहेर, म्हणजे समोरच्याला आकृती दिसेल अशी. मग आपला उजवा हात त्या पानावर, आपल्या उजवीकडच्या कप्प्यांवर ठेवायचा, आणि समोरच्या जोडीदाराने तिथे "उ" लिहायचा. पान पुन्हा बाकावर ठेवले की तो "उ" कागदाच्या डाव्या अंगाला दिसतो आणि का, ते सांगावे लागत नाही. याला पाच मिनिटे लागतात. रंग किंवा नाव देण्यापूर्वी हे करावे. नंतर केले तर खाडाखोड होते.

एका मुलीची कृतिपत्रिका मला अजून आठवते. तिने सर्व नावे सुवाच्य लिहिली होती, डावी बाजू लाल, उजवी निळी, काहीही चूक नव्हती. पण थेंबाचा बाण तिने उजव्या निलयातून मधल्या पडद्यातून सरळ डाव्या निलयात नेला होता. विचारल्यावर तिने सांगितले, "सर, फुफ्फुसातून ऑक्सिजन हृदयात येतो आणि तिथे रक्तात मिसळतो." तिच्या मनात फुफ्फुसातून रक्त नव्हे, तर हवा हृदयात येत होती. नावांची आणि रंगांची कृतिपत्रिका एवढीच असती तर तिला पूर्ण गुण मिळाले असते. ही चूक मूर्खपणाची समजू नये. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याचेही मत होते की हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रे असून रक्त त्यांतून उजवीकडून डावीकडे झिरपते, आणि युरोपात ते हजार वर्षांहून अधिक काळ मानले गेले. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहिले की हा पडदा सलग आहे आणि रक्ताला फुफ्फुसातूनच जावे लागते. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्त गोल फिरते हे मांडले, पण रोहिणीतून शिरेत ते कसे जाते हे त्यांना दिसले नव्हते. मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा ते दार सापडले. मी वर्गात हे दोन मिनिटांत सांगतो, आणि त्या दिवशी बाण पडद्यातून नेणारी मुले खाली मान घालत नाहीत.

थेंबाच्या प्रवासाला क्रमांक दिल्यामुळे एक नवी गैरसमजूत निर्माण होते, तिच्याकडे लक्ष असू द्यावे. उजवे अलिंद १, उजवे निलय २, डावे अलिंद ३, डावे निलय ४ असे आकडे पाहून मुलांना वाटते की हृदयाची उजवी बाजू आधी धडधडते आणि डावी नंतर. प्रत्यक्षात दोन्ही अलिंदे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात आणि मग दोन्ही निलये जवळजवळ एकाच वेळी. क्रमांक थेंबाचे आहेत, ठोक्याचे नाहीत. म्हणून दुसऱ्या पानाखाली मी एक प्रश्न ठेवतो: "ज्या क्षणी आपला थेंब उजव्या निलयातून बाहेर पडला, त्याच क्षणी डाव्या निलयातून काय झाले?" उत्तर असे की आधीच फुफ्फुसातून फिरून आलेला दुसरा थेंब महारोहिणीत गेला.

दोन्ही बाजू प्रत्येक ठोक्याला किती रक्त ढकलतात हेही इथेच विचारून घ्यावे. बहुतेक मुले डावीकडे जास्त असे सांगतात, कारण तिला साऱ्या शरीराला पुरवायचे असते. मी फळ्यावर हिशोब करतो. प्रौढ माणसात एका ठोक्याला प्रत्येक निलयातून साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर सुमारे ४,९०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ५ लिटर. अंगातले एकूण रक्तही सुमारे ५ लिटर असल्यामुळे साधारण मिनिटाभरात सगळ्या रक्ताची एक फेरी होते असे म्हणता येते, अर्थात जवळच्या वाटेचा थेंब लवकर येतो आणि पायाच्या वाटेचा उशिरा. आता समजा उजवे निलय प्रत्येक ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर जास्त ढकलू लागले. मिनिटाला ७० मिलिलिटर जादा रक्त फुफ्फुसात जाईल आणि बाहेर येणार नाही. तासाभरात ते ४.२ लिटर होईल. अंगातले बहुतेक सर्व रक्त फुफ्फुसात तुंबेल. रक्त एकाच बंद वाटेत फिरत असल्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखेच रक्त ढकलले पाहिजे, हे त्यानंतर कोणी विसरत नाही. डावी बाजू दुबळी झाली की फुफ्फुसात पाणी साचून दम लागतो, हे घरातल्या एखाद्या आजारी माणसाबद्दल ऐकलेले असते. त्याचे कारणही मुले आता स्वतः सांगतात.

मग डावी भिंत जाड का? रक्त तेवढेच, पण दाब वेगळा. डाव्या निलयाला महारोहिणीत सुमारे १२० मिलीमीटर पाऱ्याइतका दाब निर्माण करावा लागतो, उजव्याला फुफ्फुस रोहिणीत २५ च्या आसपास पुरतो. फुफ्फुसे हृदयाला खेटून आहेत आणि तिथल्या वाहिन्यांचा अडथळा कमी आहे. प्रौढ माणसात उजव्या निलयाची भिंत साधारण ३ ते ५ मिलीमीटर असते, डाव्याची सुमारे १० मिलीमीटर. कृतिपत्रिकेतल्या आकृतीत हा फरक दिसला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ तक्त्यांत चारही कप्प्यांच्या भिंती सारख्या जाडीच्या काढलेल्या असतात. तशी आकृती वापरू नये, कारण उजवे-डावे ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण त्यात पुसली जाते. जाड भिंतीचे निलय ते डावे, मग आकृती कशीही छापलेली असो.

शक्य असेल तर ही जाडी बोटांना कळू द्यावी. मी मटणाच्या दुकानातून बोकडाचे हृदय आणतो. दुकानात "काळीज" मागू नये, यकृत मिळते; आमच्याकडे "दिल" मागावे लागते, आणि वरच्या वाहिन्या न कापता, मध्ये चीर न देता अख्खे ठेवायला आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, नाहीतर साफ करताना नेमका आपल्याला हवा तोच भाग जातो. घरी स्वच्छ धुऊन आतल्या गुठळ्या काढाव्यात. वर्गात हातमोजे घालून दोन्ही बाजू चिमटीत धरून पाहायला सांगावे: एक बाजू दाबली की आत जाते, दुसरी टणक लागते. टणक ती डावी. मग टोकाजवळ आडवा छेद घेऊन उजव्या निलयात कागदी नळी घालून हळूच वर सरकवावी. ती फुफ्फुस रोहिणीतून बाहेर येते. डाव्या निलयातून घातलेली नळी महारोहिणीतून बाहेर येते. एकीकडून घातलेली नळी दुसरीकडे जात नाही, हे पाहताना मघाच्या मुलीचा प्रश्न आपोआप सुटतो. महारोहिणीच्या कापलेल्या तोंडातून वरून थोडे पाणी ओतले तर, झडप शाबूत असल्यास, ते खाली उतरत नाही. आत डोकावले की तीन लहान खिसे पाण्याने फुगून एकमेकांना टेकलेले दिसतात. बाण उलटा का काढता येत नाही याचे उत्तर तिथे समोर असते. अर्थात हे प्रत्येक शाळेत जमेलच असे नाही. वर्गात शाकाहारी घरांतील मुले असतील तर आधी पालकांना विचारावे, आणि नको म्हणतील त्यांना आग्रह करू नये. पहिली तीन पाने हृदय न आणताही पुरी पडतात.

शेवटच्या पानावर रंगही नको आणि रिकाम्या जागाही नकोत. तिथे मी दोन प्रश्न देतो. पहिला: डाव्या हाताच्या शिरेत दिलेले औषध उजव्या गुडघ्यापर्यंत पोहोचायला हृदयातून किती वेळा जाईल? पुष्कळ मुले एकदा असे लिहितात. बरोबर उत्तर दोनदा, एकदा उजव्या बाजूतून आणि फुफ्फुसाला वळसा घालून पुन्हा एकदा डाव्या बाजूतून. दुहेरी अभिसरण म्हणतात ते हेच. दुसरा: पोटरीच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी सुटली तर ती कुठे जाऊन अडकेल, मेंदूत की फुफ्फुसात? इथे विचार असा व्हायला हवा. पोटरीपासून हृदयापर्यंतच्या शिरा रुंदच होत जातात, म्हणून वाटेत अडकण्यासारखी जागा नाही. उजवे अलिंद आणि निलय त्याहून मोकळे. त्यानंतर पहिल्यांदा वाट अरुंद होते ती फुफ्फुस रोहिणीच्या फांद्यांत, म्हणून गुठळी तिथे अडकते. मेंदूपर्यंत जाण्यासाठी तिला फुफ्फुसातल्या केशवाहिन्या ओलांडाव्या लागल्या असत्या. एखादे मूल विचारते, "पडद्याला भोक असेल तर?" त्याला शाबासकी द्यावी, कारण प्रश्न अचूक आहे. गर्भात दोन अलिंदांमध्ये एक वाट असते, जन्मानंतर ती बहुतेकांत मिटते, पण सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांत पूर्ण चिकटत नाही; क्वचित प्रसंगी गुठळी तिथून डावीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकते.

आठवीला काय वगळावे हेही विचारात घ्यावे लागते. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कप्प्यांतून मिळत नाही, महारोहिणीच्या मुळाशी निघणाऱ्या हृद् रोहिण्यांतून मिळते. हे एका वाक्यात सांगावे, कारण हृदयविकाराबद्दल मुले विचारतातच, पण आकृतीत घालू नये. आतड्यांकडून यकृताकडे जाणारी शिरा हृदयाकडे थेट जात नाही, तिच्या वाटेत केशवाहिन्यांचे दुसरे जाळे येते. ती दहावीनंतर शिकवली तरी चालेल. मात्र "प्रत्येक शिरा सरळ हृदयातच उघडते" असे विधान आताच छापून ठेवू नये, नाहीतर पुढच्या शिक्षकाला ते आधी पुसावे लागेल.

गुण देताना मी दहापैकी चार बाणांना देतो, तीन रंगांना, दोन नावांना आणि एक उजव्या-डाव्याला. रंगाचे तीन गुण प्रत्येक वाहिनी मोजून देत नाही: पेन्सिल दोन्ही दारांत बदलली असेल आणि आणखी कुठेही बदलली नसेल तर तीन, एखादे दार चुकले असेल तर एक, आणि रंग हृदयात बदलला असेल तर शून्य. शून्य मिळालेल्या मुलाला पुन्हा आकृती रंगवायला देऊ नये. त्याला पहिले पान, म्हणजे आठच्या आकड्याची ती वाट, परत द्यावी आणि बोट फिरवत मोठ्याने एक फेरी सांगायला लावावी. चूक कुठे होते ते बोट अडखळते तिथे दिसते, आणि माझ्या वर्गांत ती जागा बहुतेक वेळा उजव्या निलयाच्या पुढचीच असते.